जुळी धरलेल्या शेळीचा शेवटचा दीड महिना

भाऊ, तुमची उस्मानाबादी साडेतीन महिन्यांची गाभण आहे आणि पोट दोन्ही बाजूंनी सुटलंय, म्हणजे जुळं धरून चाला. पोटातली पिल्लं आता झपाट्यानं वाढतात आणि कोठीपोटाला जागा उरत नाही. नुसत्या कडब्यानं पोट भरतं, पण ताकद पुरत नाही. मग शेळी अंगातली चरबी जाळते आणि रक्तात किटोन नावाचे घातक पदार्थ साचतात. जाड शेळीला हा धोका जास्त, म्हणून आधीपासून लठ्ठ करू नका.

३५ किलोच्या शेळीला मक्याचा भरडा आणि थोडी पेंड मिळून रोज १०० ग्रॅमपासून सुरू करा. दर आठवड्याला थोडं वाढवत विण्यापर्यंत ३०० ग्रॅमवर न्या, सकाळ-संध्याकाळ विभागून. एकदम वाढवलं तर पोट बिघडतं. सोबत तुरीचं भुसकट आणि शेवरीचा पाला ठेवा. बाजाराची गडबड असो की पाऊस, एक वेळही उपाशी ठेवू नका.

शेळी कळपापासून बाजूला उभी राहिली, खुराक हुंगून सोडला, दात खाल्ले की लगेच डॉक्टरांना बोलवा. ती खाली बसली की वाचवणं अवघड. मेंढीचंही असंच.