कशाचे १० टक्के?

प्रिय मुली,

पत्र मिळालं. पगारपत्रक करणाऱ्याकडून चूक झाली असावी असं तुला वाटतंय, आणि उगाच तक्रार नको म्हणून तू गप्प आहेस. त्याची काहीही चूक नाही. ५०,००० चे १० टक्के कापले, ४५,००० उरले. त्यावर १० टक्के वाढ म्हणजे ४,५००. झाले ४९,५००. गणित चोख आहे. चोख नाही ते तुझ्या साहेबांचं वाक्य: "१० कापले, १० दिले, फिटंफाट झाली." फिटंफाट झालेली नाही. ५०० अजून तिकडेच आहेत.

ते ५०० आले कुठून, हे आधी नीट बघ. कपातीने तुझे ५,००० गेले. वाढ मोजली ती उरलेल्या ४५,००० वर. म्हणजे जे ५,००० गेले होते, त्यांच्या वाट्याला वाढ आलीच नाही. त्यांचे १० टक्के किती? बरोबर ५००. तेच तुला कमी पडतायत. म्हणून टक्का कानावर पडला की पहिला प्रश्न एकच: कशाचे टक्के? मी आयुष्यभर पगाराचे कागद केले, आणि या एका प्रश्नापायी हेकट म्हणवून घेतलं. तरी तोच प्रश्न तुलाही शिकवतोय.

तू लिहितेस, "आधी वाढ आणि मग कपात झाली असती तर वाचले असते." नाही गं. करून बघायचं होतंस. ५०,००० वर १० टक्के वाढ, ५५,०००. आता कपात ५५,००० ची, म्हणजे ५,५००. पुन्हा ४९,५०० च. पहिल्या वेळी वाढ लहान आकड्यावर बसली, या वेळी कपात मोठ्या आकड्यावर बसली. ०.९ गुणिले १.१ काय आणि १.१ गुणिले ०.९ काय, उत्तर ०.९९. लोक वजाबाकी-बेरीज समजून १० मधून १० घालवतात. इथे चाललाय गुणाकार.

घोटाळा पटकन दिसत नाही, कारण आकडा लहान असला की तूट नगण्य असते. १ टक्का कापून १ टक्का वाढवला तर ५०,००० चे ४९,९९५ होतात. ५ साठी कोण भांडेल? १० ला १ टक्का जातो. पण ३० टक्के कापून ३० टक्के वाढवले तर ४५,५०० च हातात येतात, म्हणजे ९ टक्के गेले. कपात तिप्पट, तूट नऊपट. ती वर्गाने वाढते. लहान कपातीला "जाऊ दे" म्हणायची सवय लागलेला माणूस मोठ्या कपातीलाही तेच म्हणतो, आणि तिथे फसतो.

मग किती टक्के मागायचे? सूत्र पाठ करू नकोस. पगाराचे १० सारखे भाग कर. एक काढून घेतला, उरले ९. आता तोच एक भाग परत हवा आहे, पण मोजायचा आहे उरलेल्या नऊंवर. एक नवमांश, म्हणजे ११.११ टक्के. नुसते ११ दिले तर ४९,९५० होतात, तेव्हा तिथेही ५० राहतात. २० टक्के कापले असतील तर परत यायला २५ लागतात. अर्धा पगार गेला असेल तर १००.

आणि इथेच पुढचा खड्डा आहे, त्यात पडू नकोस. तू ११.११ टक्के मागितलेस की समोरून उत्तर येईल, "एवढी वाढ या वर्षी कुणालाच नाही." तुला वाटेल आपण हावरट आहोत. अगं, ती वाढ नाहीच! ते तुझंच परत येतंय. खरी वाढ ५०,००० च्या पुढे सुरू होते. समज, कपात मागे घेतली आणि वर ८ टक्के वाढ दिली, झाले ५४,०००. हाच आकडा ४५,००० वरून मोजला तर २० टक्के भरतो. पुन्हा विचार: कशाचे? ५०,००० वरून पाहणाऱ्याला ती ८ टक्क्यांची साधी वाढ दिसते, ४५,००० वरून पाहणाऱ्याला तीच डोळे पांढरे करणारी वाटते. म्हणून बोलणी टक्क्यांत करायचीच नाहीत, आकड्यांत करायची.

एका जागी मी नेमकं हेच धरून बसलो होतो. पत्रात "१० टक्के वाढ" असं होतं. मी म्हणालो, कपात रद्द केल्याचं वेगळं वाक्य लिहा आणि पुढचा पगार आकड्यात लिहा. वरिष्ठ वैतागले, बरोबरचे म्हणाले "एक टक्क्यासाठी काय जीव काढतोस." काही माणसं त्यात दुरावली, याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कागद बदलून घेतला, आणि आजही बदलून घेईन. कारण तो एक टक्का त्या महिन्यापुरता नसतो. पुढची प्रत्येक वाढ त्या आखूड पगारावरच मोजली जाते. दर वर्षी ८ टक्के वाढ धर: आजची ५०० ची तूट दहा वर्षांनी दर महिन्याला १,०७९ ची झालेली असेल. टक्क्यांत ती तेवढीच, एकच. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

तर उत्तर लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेव. पहिलं: कपात मागे घेऊन माझा मासिक एकूण पगार अमुक तारखेपासून ५०,००० करावा. दुसरं: या वर्षीची वाढ त्या ५०,००० वर मोजावी. दोन्ही एका वाक्यात कोंबलीस तर पहिलं दुसऱ्यात विरघळेल. हातात पडणारी रक्कम लिहू नकोस. तिच्यात कर आणि बाकीच्या वजावटी मिसळलेल्या असतात, तूट त्यात लपते. कपात ज्या आकड्यावर झाली, तोच आकडा घे.

मात्र त्याआधी वाढीचं पत्र पुन्हा वाच. त्यात "कपातीपूर्वीच्या पगाराच्या १० टक्के" असं असेल तर ते ५,००० होतात, तुझा पगार पूर्ण परत आला पाहिजे, आणि मग ४९,५०० ही खरोखरच पगारपत्रकातली चूक ठरेल. नुसतं "१० टक्के वाढ" असेल तर ते चालू पगारावरचेच धरतात.

कपातीच्या काळात दर महिन्याला जे ५,००० गेले, ते या कशानेच परत येत नाहीत. वर्षभर कपात चालली असेल तर ते ६०,००० झाले. ते नंतर देऊ असं लेखी असेल तर तो वेगळा अर्ज कर, यात मिसळू नकोस. लेखी काही नसेल तर आशा धरू नकोस.

कपातीचं पत्र आणि वाढीचं पत्र, दोन्हींतली पगाराची ओळ मला जशीच्या तशी उतरवून पाठव. सारांश नको, तुझ्या शब्दांत नको. मग मसुदा करू.

तुझा,
काका