आधी दुकानातला माल, तोही पूर्ण किमतीचा

प्रश्न: छोटं दुकान सुरू केलंय, बजेट कमी आहे. कोणता विमा आधी काढू आणि कोणता नंतर काढला तरी चालेल?

आमचं सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं आणि दुकानात चार फूट उभं राहिलं. खालचे तीनही खण भिजले, माळ्यावरचा माल वाचला. सहा दिवसांनी शटर उघडलं तेव्हाचा तो ओल्या कापडाचा वास आजही आठवतो.

आमचा विमा होता. कॅश क्रेडिट देताना बँकेनेच काढून दिला होता, सहा लाखांचा, कारण आमची लिमिट सहा लाखांची होती. पण श्रावण आणि गणपतीसाठी खरेदी झालेली असल्याने त्या दिवशी दुकानात बारा लाखांचा माल होता. माझे मोठे दीर हिशेब बघायचे. एप्रिलमध्ये मी त्यांना म्हटलं होतं, "दादा, विम्याची रक्कम वाढवून घेऊया." ते म्हणाले, "सगळा माल थोडाच जाणार आहे? गेला तर पाच-सहा लाखांचा जाईल, तेवढा विमा आहे की."

झालंही तसंच. सर्व्हेयरने भिजलेल्या मालाची जी काही किंमत येईल ती वजा करून नुकसान चार लाख ठरवलं. दादा निश्चिंत होते, कारण सहा लाखांच्या विम्यात चार लाख आरामात बसतात. पण बँकेला दिलेलं जुलैचं स्टॉक स्टेटमेंट सर्व्हेयरने मागितलं, आणि त्यात बारा लाख लिहिलेले होते. बारा लाखांच्या मालाचा सहा लाखांचाच विमा, म्हणजे अर्धा धोका आपण स्वतःच्या अंगावर घेतला असं धरतात. म्हणून नुकसानीचेही अर्धेच, दोन लाख मिळाले. त्यातून पाच टक्के, म्हणजे दहा हजार, आपल्या वाट्याचे म्हणून कापले. हातात १,९०,००० आले. विमा जितका कमी, तितकीच भरपाई कमी, या अटीला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात आणि तो पॉलिसीत छापलेला असतो. रक्कम दुप्पट करायला वर्षाला दीड हजाराच्या आतच जास्त लागले असते. त्याच वर्षी दर्शनी काचेचा वेगळा विमा मात्र आवर्जून भरला होता.

दादा आजही नातेवाइकांत सांगतात की कंपनीने फसवलं. नाही फसवलं. आपण अर्धाच माल सांगितला होता. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगेन.

तेव्हा तुमच्यासाठी पहिला विमा आग आणि पुराचा, मालासकट. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे. तिच्यात आग, पूर, भूकंप सगळं धरलेलं आहे आणि रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी अशी कपात होत नाही. तरीही रक्कम ठरवताना वर्षातला सगळ्यांत भरलेला महिना धरा, आणि माल खरेदीच्या भावाने मोजा, विक्रीच्या नाही. बँकेने विमा काढला असेल तर पॉलिसी मागून घ्या. त्यावर दुकानाचा पत्ता बरोबर आहे का आणि गोडाऊन वेगळं असेल तर त्याचाही पत्ता आहे का, ते स्वतः वाचा.

दुसरा, तुमचा स्वतःचा आरोग्य आणि अपघात विमा. एकट्याच्या दुकानात मालक महिनाभर अंथरुणाला खिळला की भाडं आणि हप्ते कुठून भरायचे?

काच, गल्ल्यातली रोकड, मोबाईल, हे थांबू शकतं. काच फुटली तर एका महिन्याच्या कमाईत बसते. जे नुकसान खिशातून भरूनही दुकान चालू राहील, त्याला आधी हप्ता कशाला?

हे कापडाच्या दुकानाचं सांगितलं. सोनं किंवा मोबाईल विकत असाल तर चोरीचा विमा पहिल्याच दिवशी घ्या, कारण आगीच्या पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. मशीनवर माणसं कामाला असतील तर कामगार भरपाईचा विमाही मागे ठेवू नका. खायचे पदार्थ करत असाल तर ते गणित वेगळं, मला त्यातला अनुभव नाही.

अजून एक. आमची वह्या-बिलं सगळी भिजली होती. व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागवल्या आणि जीएसटीची रिटर्न्स काढली, म्हणून चार लाख तरी सिद्ध झाले. आता मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक खणाचा फोटो काढून पुण्याच्या बहिणीला पाठवते, आणि एप्रिलमध्ये विम्याची रक्कम मीच ठरवते.