गोल्डफिशची आठवण आणि मामाचं गोल भांडं

प्रश्न: गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, लाल रंग दिसला की बैल उधळतो, हे खरं आहे का? प्राण्यांबद्दलचे असे आणखी कुठले समज चुकीचे आहेत?

दोन्ही साफ खोटं. पण त्यातलं गोल्डफिशचं खोटं मला जास्त लागतं, कारण त्याच्या आधारावर आमच्या घरात एक मासा मेला आणि त्याच्या मरणाचा दोष कुणालाच लागला नाही.

मी सातवीत असताना मामाने मला काचेच्या गोल भांड्यात एक गोल्डफिश आणून दिला. भांड्यात जेमतेम चार लिटर पाणी. एवढ्याशा जागेत तो गरगरत राहणार, असं मी म्हटलं तेव्हा मामा म्हणाला, "अगं, त्याला तीन सेकंदांपूर्वीचं काही आठवत नाही. प्रत्येक फेरी त्याला नवीनच." साडेतीन आठवड्यांत मासा गेला. पाणी शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ होतं. त्यावर मामाचं उत्तर, "गोल्डफिश एवढंच जगतात."

गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. चाळिशी ओलांडलेल्या माशाचीही नोंद आहे. आमचा मासा अमोनियाने मेला. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट, जे त्या मानाने बरंच कमी विषारी असतं. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बिनफिल्टरच्या चार लिटरच्या भांड्यात ती नीट बसतच नाही. शेवटच्या आठवड्यात आमचा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होता, पर अंगाशी मिटून तळाला बसत होता, शेपटीवर लाल रेषा उमटल्या होत्या. ही सगळी पाणी बिघडल्याची लक्षणं. आम्हाला वाटलं, भूक लागली असेल. म्हणून आणखी खायला घातलं, म्हणजे अमोनिया आणखी वाढवला.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी साठ लिटरची टाकी घेतली, फिल्टर लावून आधी सहा आठवडे चालवली, मग दोन गोल्डफिश आणले. आणि मामाचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं म्हणून प्रयोग केला. तो सविस्तर सांगते, कारण "मासा मला ओळखतो, जवळ गेलं की वर येतो" हा सगळ्यांचा आवडता पुरावा आठवण सिद्ध करायला पुरत नाही. तुम्ही त्याच्या समोर उभे असता, हातात डबा असतो, वेळ रोजची असते. मामाचा आक्षेप हाच होता: "त्याला आठवत काही नाही, समोर दिसतंय म्हणून येतो." हा आक्षेप मुळीच मूर्खपणाचा नव्हता. म्हणून दिसणारी प्रत्येक खूण काढून टाकणं भाग होतं.

मी प्लास्टिकची लाल रिंग दोऱ्याला बांधून टाकीच्या डाव्या कोपऱ्यात सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि मग रिंगच्या आत खाणं टाकायचे. हे अर्धं मिनिट फार महत्त्वाचं. त्या वेळात पाण्यात खाणं नसतं, म्हणजे वासही नसतो. मासा तेवढ्यात रिंगखाली आला, तर तो पुढे काय होणार ते धरून आला. पहिल्या दिवशी दोघंही घाबरून वनस्पतींमागे गेले. नवव्या-दहाव्या दिवसापासून खाणं पडायच्या आत रिंगखाली हजर व्हायला लागले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आठ-दहा सेकंदांत यायचे.

मग रिंग कपाटात ठेवली. पुढचे तीन आठवडे उजव्या कोपऱ्यात, रोज वेगळ्या वेळी, रिंगशिवाय खाणं दिलं. बाविसाव्या दिवशी माझ्या मावसबहिणीने पडद्यामागून दोरा सोडला. माझा हात नाही, डबा नाही, वास नाही, नेहमीची वेळ नाही. मोठा मासा अकरा सेकंदांत डाव्या कोपऱ्यात आला. दुसरा त्याच्या मागोमाग आला, म्हणून दुसऱ्याला मी मोजतच नाही, कारण मासे एकमेकांच्या मागे जातात. मोठा तिथे जवळपास दोन मिनिटं घुटमळत राहिला. तीन सेकंदांच्या आठवणीत एकवीस दिवसांपूर्वीचा कोपरा बसत नाही.

मामाने हे ऐकलं आणि म्हणाला, "निळी रिंग टाक, तिच्याकडेही येईल." टाकली. आला! मामा खूश. पण त्यातून एवढंच ठरतं की माशाने रिंग लक्षात ठेवली होती, तिचा रंग नाही. रंग लक्षात ठेवायचं कारणच मी त्याला दिलं नव्हतं. मग लाल रिंगमध्ये खाणं आणि निळीत काहीच नाही, असं आलटूनपालटून साधारण चाळीस वेळा केलं, तेव्हा तो निळीकडे ढुंकूनही बघेना.

इथेही एक फट राहते, आणि तीच तुमच्या बैलाच्या प्रश्नाला जाऊन मिळते. माझी लाल रिंग निळीपेक्षा गडद होती. मासा रंग बघत नसून फक्त फिकं-गडद बघत असेल तर? मधमाश्यांना रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास दाखवलं, तेव्हा त्यांच्यासमोर हाच अडथळा होता. त्यांनी निळ्या कागदाभोवती करड्या रंगाच्या सगळ्या छटांचे कागद मांडले. मधमाशीला नुसतं फिकं-गडद कळत असतं, तर कुठल्या तरी करड्या कागदापाशी तिची फसगत झालीच असती. मी तेवढं काटेकोर करू शकले नाही, पण फिक्या आणि गडद अशा दोन-दोन लाल आणि निळ्या रिंगा फिरवून वापरल्या. मासा लालकडेच गेला. ते अपेक्षितच होतं, कारण गोल्डफिशच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या चार प्रकारच्या शंकूपेशी असतात. आपल्यात तीन. लाल त्याला उत्तम दिसतो आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो.

बैलाच्या डोळ्यात अशा पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्याला जो भडक लाल दिसतो, तो त्याला वेगळा रंग म्हणून उठून दिसत नाही, मळकट गडद दिसतो. स्पेनमधल्या झुंजीच्या रिंगणात उतरतो तो वळू. तो आधी ज्या मोठ्या कापडावर धावून जातो, ते बहुतेकदा गडद गुलाबी आणि पिवळं असतं. लहान लाल कापड शेवटच्या भागात येतं. वळूला डिवचते ती कापडाची हालचाल. शिवाय अंगावर धावून जावं म्हणूनच त्याच्या पिढ्यान्पिढ्या निवडून वाढवलेल्या असतात. कापड कुठल्याही रंगाचं असो, ते हललं की तो जाणार. बैलाबद्दल याहून जास्त लिहित नाही, कारण या समजापायी निदान कुणी बैल चार लिटरच्या भांड्यात ठेवत नाही.

माझा प्रयोग दोन माशांचा, घरचा. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून एक खरं काम सांगते. १९६० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांनी आठवण मेंदूत पक्की कशी होते हे शोधायला गोल्डफिशच निवडला. टाकीत मधे अडसर. दिवा लागला की थोड्या वेळाने त्या बाजूला विजेचा सौम्य झटका. मासे शिकले की दिवा लागताच अडसर ओलांडून पलीकडे जायचं, आणि काही दिवसांनीही ते त्यांना आठवत होतं. पण शिकवणी संपल्या संपल्या मेंदूत प्युरोमायसिन टोचलं, म्हणजे प्रथिनं तयार होणं थांबवलं, तर तीन दिवसांनी मासे कोरे. तेच औषध तासाभराने टोचलं, तर आठवण शाबूत. म्हणजे माशाचीही आधी एक कच्ची आठवण असते आणि ती पक्की व्हायला वेळ लागतो. आठवणच नसलेल्या प्राण्याची आठवण पुसून दाखवता आली नसती. मामाला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तो काही बोलला नाही.

बाकीचे समज थोडक्यात. शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. त्याचं घरटं जमिनीतला खड्डा असतो आणि अंडी फिरवायला तो मान खाली घालतो, ते लांबून तसं दिसतं. वटवाघळं आंधळी नसतात. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची नजर तर चांगली असते. सरडा रंग बदलतो तो फक्त लपायला नाही. शॅमेलिऑनसारखे सरडे एकमेकांना इशारा द्यायला आणि अंगात ऊब घ्यायलाही रंग बदलतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. मासा लक्षात ठेवतो यावरून तो आपल्यासारखा कंटाळतो किंवा कुढतो, हे सिद्ध होत नाही आणि माझं तसं म्हणणंही नाही. माझं म्हणणं साधं आहे. आठवण तीन सेकंदांची असती, तरी अमोनियाने कल्ले तेवढेच भाजले असते. भांडं लहान असण्याचा आठवणीशी संबंधच नव्हता. मामाने तो जोडला, आणि जोडला म्हणून पाण्याकडे कुणी बघितलं नाही.

हे आज लिहायचं कारण, मामाच्या नातीला मासा हवा आहे आणि ते गोल भांडं माळ्यावरून खाली आलंय. मी त्याला सांगितलंय, भांड्यात पेनं ठेव, टाकी मी देते. फिल्टर चालू करून दोन आठवडे झालेत. अमोनिया तपासायच्या किटमधलं पाणी अजून हिरवट येतंय. ते पिवळं येऊन तसंच राहीपर्यंत आणि नायट्राइटही शून्यावर येईपर्यंत मासा आणायचा नाही, हे नातीने वहीत लिहून घेतलंय.