एकाच सांध्यावर दोन तापमानं कशी?

प्रश्न: "सर, २० मिमी स्टेनलेस प्लेट (k = १६) आणि ३० मिमी अ‍ॅल्युमिनियम प्लेट (k = २००) एकमेकींना दाबून बसवल्यात. स्टेनलेसचा बाहेरचा पृष्ठभाग २००°, अ‍ॅल्युमिनियमचा ५०°. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स ०.०००२ दिलाय. मला सांध्याचं तापमान ६६° आलं, उत्तरात ८२.८ आणि ६४.१ अशी दोन छापलीत. एका जागेला दोन तापमानं कशी असतील?"

उत्तर:

छापलेलं उत्तर बरोबर आहे. तुझं ६६ पण आकडेमोडीत चुकलेलं नाही, फक्त ते कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स शून्य धरून आलंय. तू आकृतीत सांध्याला एकच रेघ काढली असणार आणि त्या रेघेला एक तापमान दिलं असणार, तिथंच सगळं अडकायलंय. ती रेघ पुसून दोन रेघा काढ, एक स्टेनलेसचा पृष्ठभाग आणि दुसरी अ‍ॅल्युमिनियमचा, आणि मधे तिसरा थर आहे असं समज, ज्याची जाडी आपल्याला माहीत नाही आणि लागतही नाही, फक्त त्याचा रेझिस्टन्स माहीत आहे.

हा थर येतो कुठून? मशीनिंग केलेली प्लेट हाताला गुळगुळीत लागते, पण बारीक पाहिलं तर नांगरलेल्या रानासारखी ढेकळं-सऱ्या असतात. दोन अशा प्लेटा एकमेकींवर ठेवल्या की फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात, खरी टेकलेली जागा एकूण क्षेत्रफळाचा अगदी थोडा भाग असते, बाकी सगळी हवा. उष्णतेला एकतर त्या टोकांतून दाटीवाटीनं जावं लागतं नाहीतर हवेतून. हवेचा k साधारण ०.०३, म्हणजे तुझा ०.०००२ हा रेझिस्टन्स फक्त ६ मायक्रॉन हवेच्या थराइतका आहे. पण तोच आकडा अ‍ॅल्युमिनियमच्या भाषेत मांड: ०.०००२ गुणिले २०० म्हणजे ४० मिमी! तुझी अख्खी अ‍ॅल्युमिनियम प्लेट ३० मिमीची आणि डोळ्याला न दिसणारा सांधा ४० मिमीच्या बरोबरीचा.

आता गणित, एक चौरस मीटर धरून:

```
R1 = 0.020/16  = 0.00125
Rc             = 0.00020
R2 = 0.030/200 = 0.00015
R  = R1+Rc+R2  = 0.00160
q  = (200-50)/0.00160 = 93750 W/m²
```

स्थिर अवस्थेत जेवढी उष्णता स्टेनलेसमधून येते तेवढीच सांध्यातून आणि तेवढीच अ‍ॅल्युमिनियममधून जाते, मधे कुठं साठत नाही. म्हणून हाच q प्रत्येक रेझिस्टन्सला गुणायचा. स्टेनलेसमधे ११७.२ अंश उतरतात, २०० वजा ११७.२ म्हणजे स्टेनलेसच्या आतल्या पृष्ठभागाला ८२.८. सांध्यात १८.७५ अंश उतरतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग ६४.१. पुढं अ‍ॅल्युमिनियममधे १४.१ उतरले की ५० येतात, म्हणजे हिशोब जुळला. सांध्यातली घसरण अ‍ॅल्युमिनियमच्या पूर्ण जाडीतल्या घसरणीपेक्षा जास्त आहे, हे नीट बघून ठेव.

दोन तापमानं बघून बरेच जण सरासरी काढून ७३.४ लिहून देतात. ते का चालत नाही ते तपासून बघ: सांध्याला ७३.४ धरलं तर स्टेनलेसमधून q येतो सुमारे १,०१,००० आणि अ‍ॅल्युमिनियममधून सुमारे १,५६,०००. येणारी आणि जाणारी उष्णता जुळतच नाही, म्हणजे ते तापमान कुणाचंच नाही. पेपरात शेवटी ही तपासणी करायचीच, तिन्ही थरांतून q सारखाच निघाला पाहिजे. अजून एक झटपट खूण: कॉन्टॅक्ट सोडून काढलेलं तापमान, म्हणजे तुझं ६६.१, नेहमी खऱ्या दोन तापमानांच्या मधे पडतं, कारण रेझिस्टन्स वाढला की q कमी होतो, गरम बाजूची प्लेट अजून गरम राहते आणि थंड बाजूची अजून थंड. दोन्ही उत्तरं ६६ च्या एकाच बाजूला आली तर कुठंतरी गडबड आहे. क्षेत्रफळाकडंही वेगळं लक्ष ठेव: दिलेला ०.०००२ एक चौ.मी. साठी असतो, प्लेट लहान असेल तर बाकीच्या थरांसारखा त्यालाही क्षेत्रफळानं भागायचं. आणि कुठं रेझिस्टन्सऐवजी कॉन्टॅक्ट कंडक्टन्स ५००० असा दिला असेल तर तो उलटा कर, तेच ०.०००२.

प्रत्यक्षात हे मोजायला गेलं की खरी पंचाईत होते. मी वाळूजला रबर मोल्डिंगच्या प्रेसवर हेच बघत असतो, हीटर प्लेटनचं तापमान पॅनलवर एक दिसतं आणि डायचं वेगळंच निघतं. लोक थर्मोकपल सांध्यातच सरकवतात, तसं करू नये, वायरमुळं प्लेटा तिथं उचलल्या जातात आणि रीडिंग दोन्हीच्या मधलं काहीतरी येतं. बरोबर पद्धत म्हणजे प्रत्येक प्लेटमधे वेगवेगळ्या खोलीवर निदान दोन बारीक भोकं पाडायची, तापमानं घ्यायची आणि सरळ रेघ सांध्यापर्यंत वाढवायची. पण तुझ्याच उदाहरणात बघ, स्टेनलेसमधे दर मिलिमीटरला जवळपास ६ अंश उतरतात, भोकाची खोली एक मिमी चुकली की पृष्ठभागाचं तापमान तेवढ्यानं हुकू शकतं आणि आपण शोधायलोय १९ अंश. अ‍ॅल्युमिनियममधे उलट, मिमीला अर्धा अंशसुद्धा नाही, तिथं खोली चालून जाते पण साध्या के-टाइप थर्मोकपलची दोनेक अंशांची चूकच सगळं खाऊन टाकते. म्हणून q स्टेनलेसच्या बाजूनं काढायचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागाचं तापमान अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूनं घ्यायचं, मला तरी हेच पटतं.

अजून एक, ०.०००२ हा काही स्टेनलेस-अ‍ॅल्युमिनियमचा पक्का गुणधर्म नाही. दाब वाढवला की टोकं चेपतात आणि तो कमी होतो, खरखरीत फिनिश असेल तर वाढतो, व्हॅक्यूममधे हवाच नसल्यानं अजून वाढतो. बोल्टनं आवळलेल्या प्लेटांत बोल्टाजवळ चांगला कॉन्टॅक्ट आणि मधे प्लेट जराशी फुगलेली, तिथं एकच आकडा सगळीकडं लावणं म्हणजे अंदाजच.

आणि हा हिशोब प्रत्येक भिंतीला करत बसायची गरज नाही. जालन्याच्या रोलिंग मिलच्या भट्टीत २३० मिमी फायर ब्रिक असते, k सुमारे १.२ धर, एकट्या विटेचाच रेझिस्टन्स ०.१९ होतो. त्यापुढं ०.०००२ म्हणजे हजारातला एक भाग, सोडून दे खुशाल. आधी सगळे रेझिस्टन्स शेजारी-शेजारी लिहायचे आणि मग ठरवायचं. धातूला धातू भिडला की मात्र सोडायचा नाही.

तुझ्याच गणितात एकदा ग्रीस लावून बघ: k = १ चा थर्मल ग्रीसचा २० मायक्रॉन थर धरला तर Rc होतो ०.००००२, म्हणजे आधीच्या दहावा हिस्सा. q जातो सुमारे १,०५,६०० वर, आणि सांध्याची दोन तापमानं ६८.० आणि ६५.८ इतकी जवळ येतात.