हॉस्पिटल फार्मसीच्या प्रमुखांना अर्ज: लायसन्स, अनुभव आणि शिफ्ट

प्रश्न: डी.फार्म. केलंय, पंचवटीतल्या एका मेडिकलवर तीन वर्षं काउंटर सांभाळतोय. आता नाशिकमधल्या मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसी प्रमुखांना अर्ज करायचाय. लायसन्स, अनुभव आणि शिफ्टबद्दल नेमकं काय लिहू?

उत्तर:

मी नाशिकमध्येच एका हॉस्पिटलची फार्मसी सांभाळतो, असे अर्ज माझ्याकडे नेहमी येतात. मी आधी रजिस्ट्रेशनची ओळ शोधतो, बाकी सगळं त्यानंतर.

अनेक जण नुसतं 'माझ्याकडे लायसन्स आहे' असं लिहितात. त्यातून काहीच कळत नाही. फॉर्म 20 आणि 21 ची लायसन्स दुकानाची असतात. तुमचं स्वतःचं म्हणजे महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे प्रिस्क्रिप्शनवर औषध देण्याचा अधिकार त्यावरच मिळतो. म्हणून नंबर लिहा आणि ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे तेही लिहा. नूतनीकरण अडकलं असेल तर आधी ते करून घ्या.

याच जागी आणखी एक गोष्ट असते, तिच्यावरून रुजू होणं लांबतं. सध्याच्या मेडिकलच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून तुमचं नाव लागलेलं आहे का, हे मालकांना विचारून घ्या. एकच माणूस दोन ठिकाणी पूर्णवेळ दाखवता येत नाही. तिथून नाव कमी झाल्याची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे होईपर्यंत आम्ही तुमचं नाव आमच्याकडे लावू शकत नाही. नाव लागलेलं असेल तर अर्जातच सांगून टाका, लपवू नका.

अनुभवाचा भाग जरा निवांत लिहा. 'डिस्पेन्सिंगचा तीन वर्षांचा अनुभव' यावरून तुम्ही काय केलंत ते दिसत नाही. मेडिकलवर तुम्ही एच-1 रजिस्टर लिहीत असाल: डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते रजिस्टर 3 वर्षं जपावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे, एवढं त्या एका वाक्यातून मला समजतं. इन्सुलिन आणि लसी 2 ते 8 अंशांत ठेवून तापमानाची नोंद ठेवली असेल तर तेही लिहा. मिळतीजुळती औषधं कशी वेगळी ठेवता, याचं एखादं उदाहरण द्या. हेपॅरिनच्या 5 मिलीच्या व्हायलमध्ये एकूण 5000 युनिट असतात आणि 25000 सुद्धा, दोन्ही एका कप्प्यात ठेवल्या तर रात्रीच्या घाईत पाचपट डोस हातात जाऊ शकतो. असं नेमकं लिहिणाऱ्याला मी मुलाखतीला बोलावतोच.

वॉर्डचे इंडेंट आणि वॉर्डातून परत आलेली औषधं तुम्ही हाताळलेली नाहीत. ते सरळ लिहा. पहिल्याच दिवशी आयसीयूचा इंडेंट समोर आला की ते कळतंच, आणि शिकवायला आम्ही तयार असतो.

शिफ्टबद्दल 'कोणतीही शिफ्ट चालेल' असं मोघम नको. रात्रपाळीत काउंटरवर बहुतेक वेळा एकटंच असावं लागतं, कॅज्युअल्टीतून फोन येतात, आणि पाळी बदलताना नार्कोटिक औषधांचा साठा मोजून, सही करून पुढच्याच्या हवाली करायचा असतो. तुम्ही कुठून येणार आणि रात्री कसे येणार, तेवढं कळलं की रोटा लावणं सोपं जातं. सिन्नर किंवा निफाडहून बसने येणाऱ्याची अडचण आधी कळली तर त्यावर तोड निघते, रुजू झाल्यावर कळली तर सहकाऱ्यांना डबल ड्यूटी पडते.

तुमचा अर्ज साधारण असा होईल:

'मा. फार्मसी प्रमुख यांस,
मी डी.फार्म. असून महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे (नोंदणी क्र. ..., वैधता ... पर्यंत). गेली तीन वर्षे पंचवटी येथील मेडिकलमध्ये प्रिस्क्रिप्शन तपासून औषधे देणे, एच-1 रजिस्टर, फ्रीजमधील औषधांच्या तापमानाची नोंद आणि मुदत संपत आलेला माल वेगळा काढणे ही कामे करतो. वॉर्ड इंडेंटचा अनुभव नाही, शिकण्याची तयारी आहे. रात्रपाळीसह तिन्ही पाळ्यांत आळीपाळीने काम करेन. राहायला पंचवटीत असून स्वतःची दुचाकी आहे. सध्याच्या दुकानाच्या लायसन्सवर माझे नाव असून, निवड झाल्यास ते कमी करून एक महिन्यात रुजू होऊ शकेन.'

यातली जी कामं तुम्ही केली नसतील ती खोडा आणि केलेली घाला. शेवटी लिहिलेला एक महिना मालकांशी बोलून ठरवा, कारण त्यांनाही तुमच्या जागी दुसरा रजिस्टर्ड फार्मासिस्ट मिळेपर्यंत दुकान चालवायचं आहे.