कार्ड न लागणारा फोन घेताना १२८, २५६ की ५१२?

प्रश्न: आताच्या फोनमध्ये ६४ जीबी आणि वर १२८चं कार्ड आहे, दोन्ही जवळपास भरलंय. जो फोन आवडलाय त्यात कार्डची सोयच नाही. मुलांचे फोटो-व्हिडिओ भरपूर, व्हॉट्सअ‍ॅप भरपूर, गेम अजिबात नाही. फोन चार वर्षं तरी वापरायचा आहे. १२८ पुरेल का, की २५६ किंवा ५१२ घ्यावा? अंदाज कसा काढायचा?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून १२८चा विचार सोडून द्या. २५६ की ५१२ हे मात्र दोन गोष्टींवर ठरेल: तुम्ही वर्षाला किती मिनिटं व्हिडिओ काढता आणि तो कुठल्या दर्जात काढता. लोक फोटोंच्या संख्येला घाबरतात, पण जागा खातात ते व्हिडिओ.

आधी खोक्यावरच्या आकड्यातून आपल्या हाती किती येतं ते पाहू. अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स मिळून साधारण २० ते ३० जीबी सुरुवातीलाच जातात. शिवाय दहावा हिस्सा तरी कायम रिकामा राहायला हवा. फोन गळ्यापर्यंत भरला की तो अडखळायला लागतो, अपडेट उतरत नाही आणि ऐन कार्यक्रमात कॅमेरा ‘जागा नाही’ म्हणून थांबतो. हे सगळं वजा केलं तर १२८च्या फोनमध्ये वापरायला ९०च्या आसपास, २५६मध्ये २०० आणि ५१२मध्ये ४३० जीबी उरतात असं धरा. काही फोनमध्ये ‘व्हर्च्युअल रॅम’ नावाची सोय आधीच चालू असते आणि ती याच जागेतले ४ ते ८ जीबी घेते. ती सेटिंगमधून बंद करता येते.

आता तुमचा वापर. सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडून एकूण आकडा बघण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यात चार वर्षांचं सगळं एकत्र असतं, आणि तुमच्या बाबतीत तर ते फोन आणि कार्ड अशा दोन ठिकाणी विभागलेलं आहे. आपल्याला हवा आहे तो फक्त मागच्या बारा महिन्यांचा हिशोब. त्यासाठी DCIM/Camera हा फोल्डर, कार्डवरचा आणि फोनमधला दोन्ही, एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बऱ्याच फोनमध्ये फाइलच्या नावातच तारीख असते, म्हणजे IMG_20250314 किंवा VID_20250314 अशी. नावाप्रमाणे लावल्या की फोटो वेगळे, व्हिडिओ वेगळे आणि प्रत्येकात तारखा ओळीने येतात. नावात तारीख पुढे असेल तर फाइलच्या प्रकारानुसार लावा. मग मागच्या वर्षाचे सगळे फोटो निवडून एकूण किती आणि किती जीबी ते पाहा, तसंच व्हिडिओंचं करा. एवढ्या खटपटीत बॅकअपही होऊन जातो.

माझ्या ताईने फोन बदलला तेव्हा हाच हिशोब आम्ही बसून केला होता. तिची मुलगी भरतनाट्यम शिकते, त्यामुळे क्लासचे, सरावाचे, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बरेच. तिच्या वर्षभराच्या फोल्डरमध्ये ३१०० फोटो होते, एकूण ११ जीबी. म्हणजे एक फोटो साडेतीन एमबीचा, जे १२ मेगापिक्सेलच्या साध्या जेपेगला अगदी नेहमीचं आहे. व्हिडिओ होते २४ जीबी. जुना फोन फुल एचडीत मिनिटाला साधारण १३० एमबी घेत होता. २४ हजारला १३०ने भागलं की १८५ मिनिटं येतात. वर्षाचे तीन तास, एवढंच.

खरा प्रश्न पुढेच आहे. नव्या फोनवर हीच १८५ मिनिटं किती जागा घेतील? ४केमध्ये, सेकंदाला ३० फ्रेम्सने, जुन्या एच.२६४ पद्धतीत मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास लागतात. सगळंच ४केमध्ये काढलं तर वर्षाला ६५ जीबी झाले, म्हणजे २४चे जवळजवळ पावणेतीन पट, एकही व्हिडिओ जास्त न काढता. ६० फ्रेम्स निवडल्या तर आकडा आणखी वर जातो. उलट कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ किंवा एच.२६५ चालू केलं तर तोच व्हिडिओ ढोबळमानाने निम्म्या जागेत बसतो. त्यात अडचण एकच, जुने टीव्ही आणि कॉम्प्युटर असे व्हिडिओ कधीकधी चालवत नाहीत.

हे आकडे प्रत्येक फोनमध्ये थोडे वेगळे असतात, म्हणून दुकानातच तपासा. शोकेसमधला फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये ४के निवडा आणि दुकानाच्या दारातून रस्त्यावरच्या रहदारीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. भिंतीवर रोखून काढू नका. चित्रात हालचाल नसेल तर काही फोनमध्ये फाइल लहान होते आणि अंदाज फसतो. मग गॅलरीत तो व्हिडिओ उघडून तपशील पाहा आणि आकड्याला तीनने गुणा, मिनिटाचे एमबी मिळाले. असाच एक फोटोही काढून पाहा. ५० मेगापिक्सेलचा मोड लावून ठेवला असेल किंवा ‘मोशन फोटो’ चालू असेल (यात प्रत्येक फोटोच्या पोटात छोटा व्हिडिओही साठतो), तर फोटोचा आकार सहज दुप्पट-तिप्पट निघेल. घरगुती फोटोंना दोन्हींची गरज नसते असं माझं मत आहे.

ताईच्या हिशोबात आम्ही मधला रस्ता धरला. रंगमंचावरचे कार्यक्रम ४केमध्ये, वर्षाला साठ मिनिटं. ते झाले २१ जीबी. घरचे, क्लासचे, वाढदिवसाचे व्हिडिओ फुल एचडीत, उरलेली १२५ मिनिटं, ते १६ जीबी. नवा कॅमेरा फोटोला थोडी जास्त जागा घेत होता, साडेचार एमबी धरून १४ जीबी. वर्षाला कॅमेऱ्याचे एकूण ५१ जीबी.

आता व्हॉट्सअ‍ॅप. याची वाढ लक्षात येत नाही कारण आपण मुद्दाम काहीच साठवत नसतो. ग्रुपमधले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरतात. त्यावर, तुम्ही स्वतः पाठवलेल्याची एक प्रत Sent नावाच्या फोल्डरमध्ये राहते, म्हणजे मुलीचा नाच आजीला पाठवला की मूळ व्हिडिओ कॅमेऱ्यात आणि त्याची लहान प्रत व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. हे सगळं Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media इथे असतं, आणि नव्या फोनवर गप्पा हलवताना बऱ्याचदा सगळंच सोबत येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात, तिथूनच झाडून काढायचं. ताईचं व्हॉट्सअ‍ॅप वर्षाला ८ जीबीने वाढत होतं. तुमचा आकडा काढायचा तर आज त्या पानावर दिसणारा आकडा लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा बघा. मधे काही पुसलं असेल तर तेवढं वाढीत धरा.

अ‍ॅप्सवर फार वेळ घालवू नका. बँक, यूपीआय, रेल्वे, खरेदी, नकाशे वगैरे मिळून आज २०-२२ जीबी असतील तर चार वर्षांनी ३५ धरा. अपडेटगणिक अ‍ॅप फुगतं, आणि इन्स्टाग्रामसारखी अ‍ॅप्स पाहिलेलं बरंच काही साठवून ठेवतात. गेम खेळणाऱ्याला इथे वेगळा हिशोब करावा लागतो, तुम्हाला नाही. पण प्रवासासाठी ओटीटीवर सिनेमे उतरवून ठेवायची सवय असेल तर त्याचे दहा जीबी वेगळे काढा.

आता बेरीज. ताई चार वर्षं काहीच बाहेर काढणार नसेल तर कॅमेऱ्याचे २०४, व्हॉट्सअ‍ॅपचे ३२, अ‍ॅप्सचे ३५ आणि जुन्या फोनमधून आणलेले ६०. एकूण ३३१. म्हणजे ५१२च. पण दर दिवाळीच्या सुट्टीत जुने फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवायचे आणि फोनमध्ये फक्त मागच्या दीड वर्षाचे ठेवायचे असं ठरवलं, तर कॅमेऱ्याचे ७७, अ‍ॅप्सचे ३५, झाडझूड केलेलं व्हॉट्सअ‍ॅप २० आणि जुन्यातले निवडक २५ मिळून १५७. हे २५६च्या २०० जीबीत आरामात बसतं. तिने २५६ घेतला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच अडलंय. तुमच्या कार्डात आणि फोनमध्ये मिळून, सिस्टिम वगळून, तुमच्या मालकीचे दीडशे-पावणेदोनशे जीबी आत्ताच असणार. ते सगळे नव्या फोनवर ओतले तर २५६ पहिल्याच दिवशी भरत आला समजा. तुम्ही किंवा घरातलं कोणी खरोखर दरवर्षी बसून फाइल्स हलवणार असेल तर जुन्यातलं निवडक घेऊन २५६ पुरे. कोणीच करणार नसेल, तर पैसे थोडे जास्त गेले तरी ५१२ घ्या. यात ‘बघू पुढे’ चालत नाही, कारण नंतर कार्ड घालायची सोय नाही.

क्लाउडवर विसंबून १२८ घ्यावा असं काहीजण सुचवतील. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१पासून बंद झाली. आता मोफत १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. वर्षाला ५१ जीबी काढणाऱ्याला ते काही महिनेच पुरतील. दरमहा पैसे भरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, तरी ४केचे व्हिडिओ चढवायला घरी चांगलं वायफाय लागेल.

हार्ड डिस्क किंवा टाइप-सी पेन ड्राइव्हवर थेट फोनमधून हलवणार असाल तर ती exFAT मध्ये फॉरमॅट करून घ्या, आणि आपला फोन ती ओळखतो ना हे आधी बघा. बरेच पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. ४केचा बारा-तेरा मिनिटांचा एकच व्हिडिओ तेवढा होतो, मग बाकी सगळं जातं आणि नेमका अख्खा कार्यक्रम मागे राहतो. बऱ्याच फोनचा पोर्ट यूएसबी २.०चा असतो, त्यामुळे ५० जीबीला अर्धा-पाऊण तास धरा. फोनवरचं पुसण्याआधी दोन-चार मोठे व्हिडिओ डिस्कवरून शेवटपर्यंत चालवून पाहा आणि दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आणखी एक प्रत करा.

वर्षभराच्या फोटोंची संख्या, व्हिडिओंचे जीबी आणि दुकानात काढलेल्या वीस सेकंदांचा आकार इथे लिहिलात तर तुमचा हिशोब मांडून देतो.