पत्रात भत्ता, फोनवर कॅब

"वकील मॅडम, मी 26 वर्षांची, मूळची नाशिकची. खराडीतल्या एका बॅक ऑफिस कंपनीत मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि ऑफर लेटरचा मसुदा आलाय. शिफ्ट दुपारी 2:30 ते रात्री 11:30. राहणार धायरीला मावशीकडे. एचआर फोनवर म्हणाली, कॅब आहे, काळजी करू नका. पत्रात मात्र 'प्रवासभत्ता दरमहा 3,500 रुपये' एवढंच आहे. आधीच्या नोकरीत टीम लीडरने फार त्रास दिला, मी तक्रार न करता आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. पुन्हा तसं नको. सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. कंपनी सुरक्षित आहे का, हे आधीच कसं ओळखू?"

बाकीचं नंतर, आधी त्या 3,500 रुपयांचं बघू.

पॉश कायद्यात, म्हणजे 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात, 'कामाचं ठिकाण' म्हणजे काय हे कलम 2(ओ) मध्ये दिलं आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा त्यात येते आणि त्या प्रवासासाठी मालकाने पुरवलेलं वाहनही येतं. 'मालकाने पुरवलेलं' या शब्दांवर तुमचं सगळं अडलं आहे. कंपनीने ठेकेदारामार्फत पाठवलेली कॅब ही कायद्याच्या नजरेत ऑफिसचाच भाग असते. त्या कॅबमध्ये चालकाने किंवा सहकाऱ्याने काही केलं, तर छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीला तक्रार घ्यावीच लागते. पण तुम्ही भत्ता घेऊन मोबाइलवरून स्वतः गाडी बोलावली आणि तिच्यात तेच घडलं, तर कंपनीचा वकील पहिल्याच दिवशी सांगेल की ही जागा आमची नाही. त्याला उत्तर देता येतं, मी दिलंही असतं. पण झालं काय हा प्रश्न बाजूला राहून गाडी कोणाची यावरच तारखा पडत राहतील.

दुसरी बाजू राज्याच्या कायद्याची. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कलम 13 नुसार स्त्री कामगाराला रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळेत कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची पुरेशी व्यवस्था लागते आणि कामाच्या ठिकाणापासून राहत्या घराच्या दारापर्यंत वाहन लागतं. ते मालकाने स्वतः द्यावं किंवा त्याने नेमलेल्या माणसाने द्यावं. तुमची पाळी 11:30 ला सुटते, म्हणजे शेवटचे दोन तास या कलमात बसतात. अगदी लहान आस्थापनांना हा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही, पण तुम्ही सांगता तसली कंपनी त्यातून सुटेल असं मला वाटत नाही. दारापर्यंत वाहन देण्याऐवजी भत्ता दिला की कलम पाळलं गेलं, असं मी तरी मानणार नाही.

एचआरने फोनवर जे सांगितलं त्याची किंमत शून्य आहे. कॅब खरोखर असेलही, पण पत्रात नसलेली कॅब पुढच्या तिमाहीत खर्चकपातीत बंद झाली तर तुम्ही कशाच्या आधारावर भांडणार? होकार देण्याआधी आजच मेल करा. इतकाच मजकूर पुरे: "आपल्या फोनवरील बोलण्यानुसार रात्रीच्या परतीसाठी कंपनीची कॅब आहे. नियुक्तिपत्रात पुढील वाक्य घालावे: रात्री 9:30 नंतर सुटणाऱ्या पाळीसाठी कंपनी स्वतः किंवा अधिकृत ठेकेदारामार्फत कर्मचाऱ्याच्या राहत्या घराच्या दारापर्यंत वाहन पुरवेल. माझा पत्ता धायरी येथील आहे." पत्ता मुद्दाम लिहा. खराडी ते धायरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. लांब राहणाऱ्यांना दारापर्यंत न सोडता ठरलेल्या चौकात उतरवायची पद्धत अनेक ठिकाणी असते, तिला 'नोडल ड्रॉप' म्हणतात. सिंहगड रोडवरच्या एखाद्या चौकात रात्री साडेबाराला उतरून पुढचं अंतर पायी किंवा रिक्षाने जायचं असेल, तर कॅब असूनही धोका तिथून पुढे सुरू होतो. आणि ती रिक्षा पुन्हा तुमच्या पैशांची.

कंपनीने वाक्य घातलं तर उत्तम. "पॉलिसीमध्ये आहे, पत्रात घालत नाही" असं उत्तर आलं, तर पॉलिसीचं ते पान मागा आणि ऑफर स्वीकारण्याच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख करा. उत्तरच आलं नाही, किंवा "सगळे मॅनेज करतात" अशा छापाचं आलं, तर मी तुमच्या जागी असते तर 11:30 ची पाळी घेतली नसती. दिवसाची पाळी मागितली असती, किंवा नोकरीच सोडून दिली असती.

कॅब लेखी मिळाली की ती चालते कशी हे विचारा. तुमचं घर मार्गाच्या शेवटच्या टोकाला आहे, म्हणजे बाकीचे उतरल्यावर चालकासोबत गाडीत तुम्ही एकट्याच उरणार. रात्री शेवटी उतरणारी स्त्री असेल तर गाडीत सुरक्षारक्षक बसवायचा किंवा मार्ग उलटा फिरवायचा, ही पद्धत जबाबदार कंपन्या पाळतात. हे प्रत्येक कंपनीवर बंधनकारक आहे असं मी म्हणत नाही, पण ती पाळली जाते का, हे वाहतूक विभागाचा माणूस एका वाक्यात सांगू शकतो. कर्मचारी, चालक आणि रक्षक यांच्याखेरीज बाहेरचा माणूस गाडीत बसणार नाही ना, हेही विचारा. 2007 मध्ये पुण्यात बीपीओतल्या एका तरुणीचा बलात्कार करून खून झाला, तो तिला रात्रपाळीसाठी न्यायला आलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच गाडीत बसलेल्या त्याच्या मित्राने केला. त्या दोघांची फाशी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणीतल्या विलंबामुळे जन्मठेपेवर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर 2024 मध्ये कायम केलं. घटनेपासून 17 वर्षं. आपल्या न्यायव्यवस्थेचा वेग हा असल्यामुळेच मी तुम्हाला कागदाची घाई करायला सांगते आहे.

समिती आहे की नाही हे तपासणं यापेक्षा सोपं आहे. अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश कंपनीने ऑफिसात सर्वांना दिसेल असा लावायचा असतो, हे पॉश कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे. बाहेरच्या उमेदवाराला तो मेलवर पाठवण्याची सक्ती नाही, म्हणून नकार आला तर लगेच काळंबेरं आहे असं समजू नका. पण शेवटच्या फेरीला ऑफिसात जाणार असाल, तर रिसेप्शन, पॅन्ट्री, लिफ्टजवळची भिंत यांकडे नजर टाका. आदेश दिसला तर मोबाइलमध्ये फोटो काढण्याआधी विचारा आणि वाचताना तीन गोष्टी बघा. तारीख, कारण सदस्यांची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं असते आणि 2021 चा आदेश आजही भिंतीवर असेल तर ती समिती फक्त कागदावरची आहे. पत्ता, कारण ठिकठिकाणी ऑफिसं असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते. मुख्यालय बेंगळुरूत आणि समितीही तिथेच, हे खराडीच्या ऑफिसला चालत नाही. आणि बाहेरचा सदस्य, जो स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला असावा लागतो. तिथे कंपनीच्याच कामगारविषयक सल्लागाराचं नाव असेल, तर बेकायदा म्हणणार नाही, पण त्या व्यक्तीकडून तटस्थपणाची फार अपेक्षाही ठेवणार नाही.

समिती न नेमल्याचा पहिला दंड 50,000 रुपयांपर्यंतच आहे. म्हणून दंडाच्या भीतीने कंपनीने समिती नेमली असेल या भरवशावर राहू नका.

तक्रारींच्या आकड्यांची जागा दुसरी आहे. जुलै 2025 पासून कंपनीच्या संचालक मंडळाच्या अहवालात वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती 90 दिवसांहून जास्त काळ अडकल्या, हे द्यावं लागतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'View Public Documents' मध्ये 100 रुपये भरून कंपनीचे कागद उघडता येतात. अगदी लहान कंपन्यांचा अहवाल त्रोटक असतो, तेव्हा सगळं मिळेलच असं नाही. मिळालं तर पहिल्या आकड्यावरून मत बनवू नका. दोन हजार माणसांच्या ऑफिसात शून्य तक्रारी म्हणजे सुरक्षितता असेल किंवा भीती असेल, त्या आकड्यावरून कळत नाही. तिसरा आकडा बघा. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. पाच आल्या आणि पाचही अडकल्या, तर ती समिती तक्रार करणारी थकेपर्यंत थांबते.

कर्मचाऱ्यांना विचारताना "सुरक्षित आहे का" असं विचारू नका. "हो, छान आहे" हे उत्तर ठरलेलं असतं. त्याच पाळीत काम करणारी आणि वर्षभरात सोडून गेलेली, अशा दोघींना गाठा आणि विचारा: गेल्या महिन्यात रात्रीची कॅब किती वेळा आली नाही, आणि तेव्हा तुला घरी कोणी सोडलं? समितीतल्या बाहेरच्या सदस्याचं नाव माहीत आहे का? आत्ता काम करणाऱ्या बाईला ते नाव सांगता आलं नाही, तर समितीचं प्रशिक्षण झालेलंच नाही असं समजा. कोणत्याही विशिष्ट तक्रारीबद्दल मात्र विचारू नका. पॉश कायद्याच्या कलम 16 ने तो तपशील उघड करायला मनाई आहे आणि सांगणारी अडचणीत येते. निनावी रिव्ह्यूंचे तारे बघून ठरवणार असाल तर माझा सल्ला नकोच होता. त्यापेक्षा मावसभावाला घेऊन एका रात्री 11:15 ला त्या गेटसमोर उभ्या राहा. गाड्या रांगेत उभ्या आहेत का, गेटवरचा माणूस गाडीचा नंबर आणि बसणाऱ्यांची नावं वहीत किंवा टॅबवर लिहून घेतोय का, आणि मुली कंपनीच्या गाडीत बसतात की मोबाइलवर गाडी शोधत रस्त्याकडे जातात, हे वीस मिनिटांत दिसतं.

आता जुनं. आठ महिने तुम्ही गप्प बसलात, हे मला पटलेलं नाही. समितीकडे तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते आणि कारण लेखी नोंदवून समिती आणखी 3 महिने देऊ शकते. त्यापुढे दार बंद. सप्टेंबर 2025 मध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमधल्या घटनेची डिसेंबरमधली तक्रार मुदतबाह्यच ठरवली. तुमचं अंतर तेवढंच आहे. फौजदारी मार्ग मात्र वेगळा. घटना 1 जुलै 2024 नंतरची असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या लैंगिक छळाबद्दलच्या कलम 75 चा विचार करता येतो आणि त्यात 3 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या प्रकारांना तक्रारीची मुदत 3 वर्षांची आहे. तुमच्या प्रकरणात ते बसेल का, हे मेसेज आणि तारखा बघितल्याशिवाय सांगणार नाही. मेसेज डिलीट केले नसतील तर बॅकअप घ्या, मोबाइल बदलू नका आणि तारखांचा कागद करून पुण्यातल्या वकिलाला दाखवा.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पॉश कायद्याचं संरक्षण 'नोकरीत असो वा नसो' अशा कोणत्याही स्त्रीला आहे, म्हणजे मुलाखतीला गेलेल्या उमेदवारालाही. या दोन फेऱ्यांत कोणी तसं काही बोललं असेल, तर तीन महिन्यांचं घड्याळ त्या दिवसापासूनच सुरू झालंय.